रुंदावणारी नळी, तारेचं कडं आणि छोटे भोवरे

लुडविग प्रांटल १९०० साली न्यूरेंबर्गच्या एका यंत्र कारखान्यात नोकरीला लागला. वय पंचविशीचं. त्याला दिलेलं काम अगदी साधं होतं: लाकडाचा भुसा आणि छिलके हवेने ओढून नेणारी यंत्रणा सुधारायची. त्या यंत्रणेत एक नळी पुढे रुंद होत जात होती. हिशेब असा की नळी रुंदावली की हवेचा वेग कमी होतो आणि त्या बदल्यात दाब वाढतो. प्रत्यक्षात दाब अपेक्षेइतका वाढेना, कारण हवा नळीच्या भिंतीला धरून न राहता मध्येच भिंत सोडून देत होती. यंत्र त्याने सुधारून दिलं, पण हवा भिंत का सोडते हा प्रश्न तो बरोबर घेऊन गेला.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. द्रवाला घर्षण नाही असं धरून गणित करायचं तर उत्तर सुंदर यायचं, पण विचित्र: वाहत्या पाण्यात धरलेल्या वस्तूवर रोध शून्य. द'अलंबेरने १७५२ मध्ये मांडलेला हा विरोधाभास दीडशे वर्षं तसाच पडून होता. गणित करणारे एका बाजूला आणि पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर दुसऱ्या बाजूला, असा प्रकार होता.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गला गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत प्रांटलने दहा मिनिटांचं भाषण केलं. त्याचं म्हणणं असं की घर्षण कितीही कमी असलं तरी पृष्ठभागाला टेकलेला हवेचा थर हलत नाही. (चालू पंख्याच्या पात्यावर धूळ साचते, ती याचमुळे.) तिथून वर थोड्याच अंतरात वेग शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत जातो. घर्षणाचा सगळा कारभार या पातळ पट्ट्यात चालतो. त्याच्या बाहेर जुनं गणित बिनधास्त वापरा. हा पट्टा म्हणजे बाउंडरी लेयर, मराठीत सीमास्तर.

नळीचं कोडं यातून सुटतं. दाब वाढत जाणाऱ्या दिशेने हवेला जाणं म्हणजे चढ चढणं. बाहेरच्या हवेकडे वेग आहे, ती चढून जाते. भिंतीलगतच्या हवेचा वेग घर्षणाने आधीच खर्ची पडलेला असतो. ती चढावर थांबते, मग उलटी वाहू लागते, आणि वरचा प्रवाह या उलट्या वाहणाऱ्या हवेवरून उचलला जाऊन भिंत सोडतो. प्रांटलने हे हाताने फिरवायच्या पाण्याच्या छोट्या कालव्यात, अभ्रकाचे कण सोडून दाखवलं होतं.

इथे लॅमिनर आणि टर्ब्युलंटचा फरक महत्त्वाचा ठरतो. मँचेस्टरमध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून तो दाखवला होता. हळू प्रवाहात धार सरळ दोरीसारखी राहते, हा लॅमिनर प्रवाह. वेग वाढवला की ती एकदम विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळते, हा टर्ब्युलंट. सीमास्तरातही हेच घडतं. लॅमिनर थरात वरची वेगवान हवा खाली येतच नाही. टर्ब्युलंट थरात ती सतत खाली मिसळते.

आकड्यांत पाहा. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाची हवा एक मीटर लांबीच्या सपाट पत्र्यावरून गेली, तर शेवटच्या कडेला लॅमिनर थर साधारण ४ मिलिमीटर जाड असतो आणि सुरुवातीपासून टर्ब्युलंट असेल तर साधारण २२ मिलिमीटर. टर्ब्युलंट थर जाड आहे, पृष्ठभागाला जास्त घासतो, म्हणून तो वाईट असं वाटतं. पण भिंतीलगत त्याच्याकडे वेग जास्त असतो, म्हणून तो चढ जास्त वेळ चढू शकतो.

हे पटायला एक भांडण व्हावं लागलं. १९१२ च्या सुमारास गुस्ताव आयफेलने (मनोरा बांधणाऱ्यानेच) पॅरिसमधल्या आपल्या वायुबोगद्यात गोळ्यावरचा रोध मोजला. तो प्रांटलच्या गटिंगनमधल्या प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. गटिंगनकडून तर्क झाला की आयफेल सूत्रातला २ विसरला असणार. म्हातारा चिडला आणि वेगवेगळ्या वेगांना मोजून दाखवलं की एका ठरावीक वेगापलीकडे रोध अचानक कोसळतो. १९१४ मध्ये प्रांटलने याचं उत्तर दिलं. गोळ्याच्या सर्वांत रुंद भागाच्या जरा आधी त्याने बारीक तारेचं कडं बसवलं. गोळ्यावर वस्तू वाढवली आणि रोध कमी झाला! तारेने थर टर्ब्युलंट केला, त्यामुळे हवा समोरून मोजल्यास सुमारे ८० अंशांवर सुटायची ती १२० अंशांच्या आसपास सुटू लागली, आणि मागचा कमी दाबाचा खड्डा अरुंद झाला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच काम करतात. नव्या क्रिकेटच्या चेंडूची तिरकी शिवणही एका बाजूचा थर टर्ब्युलंट करते, म्हणून त्या बाजूला हवा उशिरा सुटते आणि चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो.

मग व्होर्टेक्स जनरेटर, म्हणजे पृष्ठभागावर उभ्या केलेल्या भोवरे सोडणाऱ्या छोट्या पट्ट्या, कशासाठी? बहुतेक लोक इथेच गल्लत करतात. विमानाच्या पंखावर किंवा गाडीच्या छपरावर थर आधीच टर्ब्युलंट झालेला असतो. तारेचा उपाय संपलेला असतो आणि तरीही हवा सुटते.

यावर १९४७ मध्ये युनायटेड एअरक्राफ्टच्या संशोधन विभागातल्या एच. डी. टेलरने काम केलं, आणि गंमत म्हणजे तेही रुंदावणाऱ्या नळीवरच. वायुबोगद्याचा रुंद होत जाणारा भाग लांबलचक असतो. तो आखूड करायला कोन वाढवावा तर हवा भिंत सोडते. त्याने नळीच्या तोंडाशी भिंतीवर छोट्या पट्ट्या प्रवाहाला तिरक्या उभ्या केल्या. प्रत्येक पट्टी म्हणजे भिंतीवर उभा केलेला एक इवलासा पंखच. तिच्या टोकापासून भोवरा निघतो आणि प्रवाहाच्या दिशेने भिंतीला धरून लांबवर जातो. भोवऱ्याच्या एका अंगाने बाहेरची वेगवान हवा भिंतीकडे खाली येते, दुसऱ्या अंगाने मंद हवा वर उचलली जाते. टर्ब्युलंट थरातली मिसळ बेशिस्त असते. इथे तीच शिस्तीत, आणि हवी तिथे.

पण याची किंमतही असते. पट्टीचा स्वतःचा रोध असतो, म्हणून जिथे हवा सुटतच नाही तिथे ती निव्वळ तोटा. मित्सुबिशीच्या इंजिनिअरांनी २००४ मध्ये लॅन्सर इव्होल्यूशनसाठी केलेलं काम यासाठी वाचण्यासारखं आहे. छपराच्या मागच्या टोकाशी थर सुमारे ३० मिलिमीटर जाड होता. त्यांनी हवा सुटते त्या जागेच्या साधारण १०० मिलिमीटर आधी, १५ अंशांचा कोन देऊन, १५ ते २५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या बसवल्या. रोधाचा गुणांक ०.००६ ने कमी झाला. बस्स, एवढाच. तोही सेडानवर, जिच्या मागच्या काचेवर हवा खरोखर सुटत होती.

गाडीवर चिकटवायच्या स्वस्त प्लास्टिक पट्ट्या विकणारे हा आकडा सांगत नाहीत. आधी छपराच्या मागच्या टोकापासून काचेवर लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने लावा आणि मोकळ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी त्यांचं चित्रीकरण करायला सांगा. धागे मागे ताणून शांत राहिले तर हवा चिकटलेली आहे, पट्ट्या नकोतच. फडफडत पुढच्या बाजूला वळले तर हवा तिथे सुटलेली आहे. आता जे धागे अजून मागेच ताणलेले दिसतात, त्यांतला सर्वांत मागचा धागा शोधा. पट्ट्यांची रांग त्याच्या थोडी आधी, गाडीच्या तोंडाच्या बाजूला हवी.