अरबी भाषेतील द्विवचन

अरबी भाषेत एकवचन व अनेकवचन यांच्या जोडीला नेमक्या दोन व्यक्ती किंवा वस्तू दाखविणारे स्वतंत्र वचन आहे. अरबी वैयाकरण त्याला ‘मुथन्ना’ म्हणतात. उर्दूच्या वळणाने हाच शब्द ‘मुसन्ना’ असा ऐकू येतो. नाम, विशेषण, दर्शक व संबंधी सर्वनामे, पुरुषवाचक सर्वनामे आणि क्रियापद या सर्वांना प्रमाण अरबीत द्विवचनाची रूपे आहेत. शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला ‘रामौ गच्छतः’ ही रचना आठवत असल्याने ही कल्पना नवी वाटत नाही. पण संस्कृतात क्रियापद कर्त्याच्या आधी येवो की नंतर, ते द्विवचनीच राहते. अरबीत मात्र क्रियापदाचे वचन वाक्यातील त्याच्या जागेवर अवलंबून असते. नवख्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो. (पुढील उदाहरणांत अकारान्त अक्षरे संस्कृतातल्याप्रमाणे पूर्ण उच्चारावीत, अक्षर व्यंजनान्त असेल तेथे पाय मोडला आहे. वाक्यांतील पदे संधी सोडवून लिहिली आहेत.)

नामाचे द्विवचन एकवचनाला प्रत्यय लावून होते. कर्ता किंवा उद्देश्य असताना ‘-आनि’ आणि कर्म, षष्ठी किंवा शब्दयोगी अव्ययानंतरची जागा असताना ‘-ऐनि’ असे दोनच प्रत्यय आहेत. ‘किताब’ म्हणजे पुस्तक. ‘किताबानि’ व ‘किताबैनि’ ही त्याची द्विवचनी रूपे. स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी एकवचनात लपलेला ‘त’ द्विवचनात उघडा होतो, म्हणून ‘मदीना’ (शहर) याचे ‘मदीनतानि’ होते. अरबी अनेकवचने फार अनियमित असून ‘किताब’चे ‘कुतुब’ आणि ‘वलद’चे (मुलगा) ‘औलाद’ अशी ती शब्दागणिक पाठ करावी लागतात. त्या मानाने द्विवचन हा व्याकरणातला सर्वांत सरळ भाग आहे. दोन ही संख्या प्रत्ययातच असल्यामुळे ‘दोन’ हा शब्द वेगळा वापरत नाहीत; जोर द्यायचा असेल तरच तो नामानंतर विशेषणासारखा येतो.

प्रत्ययातील शेवटचा ‘नि’ मात्र टिकाऊ नसतो. त्या नामाला लगेच षष्ठीचे पद किंवा जोडसर्वनाम लागले की तो गळतो. ‘विद्यार्थ्याची दोन पुस्तके’ हे ‘किताबा अत्-तालिबि’ असे होते आणि ‘त्याची दोन पुस्तके’ हे ‘किताबाहु’. कुराणाच्या १११व्या सूरेतील पहिल्या आयतीचा आरंभ ‘तब्बत् यदा अबी लहबिन्’ असा आहे. अबू लहबचे दोन्ही हात नष्ट होवोत, असा तिचा आशय आहे. ‘यदानि’ (दोन हात) मधील ‘नि’ पुढच्या षष्ठीमुळे गळून ‘यदा’ उरले आहे. त्याच्या आधीचे ‘तब्बत्’ हे क्रियापद मात्र दोन हात असूनही एकवचनी आहे.

त्यामागचा नियम असा, की क्रियापद कर्त्याच्या आधी आले आणि कर्ता नाम असला, तर क्रियापद लिंगाने कर्त्याला जुळते पण वचनाने नेहमी एकवचनी राहते. कर्ता आधी सांगून झाला असेल, तर क्रियापद लिंग व वचन दोन्ही बाबतींत जुळते. ‘दोन नव्या शिक्षिका पोचल्या आणि बसल्या’ हे वाक्य अरबीच्या स्वाभाविक क्रमाने ‘वसलत् अल्-मुअल्लिमतानि अल्-जदीदतानि व-जलसता’ असे लिहिले जाते. ‘वसलत्’ (पोचली) कर्त्याच्या आधी आहे, म्हणून ते स्त्रीलिंगी एकवचन आहे. ‘व-जलसता’ (आणि त्या दोघी बसल्या) येईपर्यंत कर्ता उच्चारून झालेला आहे, म्हणून तेच स्त्रीलिंग आता द्विवचनात आले. कर्ता तोच, काळ तोच, तरीही एकाच वाक्यातील दोन क्रियापदांची वचने वेगळी आहेत. वैयाकरणांचे स्पष्टीकरण असे, की ‘जलसता’मधील अन्त्य दीर्घ ‘आ’ हाच खरा कर्ता, म्हणजे ‘त्या दोघी’ हे क्रियापदाला चिकटलेले सर्वनाम आहे. ‘वसलत्’चा कर्ता पुढे नामाच्या रूपाने येणारच असल्यामुळे तेथे त्या सर्वनामाला जागा उरत नाही. नियम नुसता पाठ करण्यापेक्षा या स्पष्टीकरणाने तो अधिक लवकर पटतो.

काही जुन्या बोलींत क्रियापद आधी असूनही ते कर्त्याच्या वचनाने चालत असे. ‘मला पिसवा चावल्या’ अशा अर्थाच्या ‘अकलूनी अल्-बरागीथु’ या वाक्यात क्रियापद आधी असूनही अनेकवचनी आहे. वैयाकरणांनी त्या बोलीलाच ‘अकलूनी अल्-बरागीथ’ची भाषा असे नाव देऊन टाकले आणि प्रमाण लेखनात ही रचना वर्ज्य ठरली.

वरचेच वाक्य ‘खरोखर’ अशा अर्थाच्या ‘इन्न’ने सुरू केले तर ते ‘इन्न अल्-मुअल्लिमतैनि अल्-जदीदतैनि वसलता’ असे होते. ‘इन्न’नंतरचे नाम द्वितीयेत जाते, म्हणून ‘-तानि’चे ‘-तैनि’ झाले, विशेषणही त्याच्या मागोमाग बदलले आणि कर्ता क्रियापदाच्या आधी आल्याने क्रियापद द्विवचनी झाले. विशेषणाला नामाशी वचन, लिंग, विभक्ती आणि निश्चितता अशा चारही बाबतींत जुळावे लागते. सौदी अरेबियाच्या राजाने १९८६ पासून वापरलेला ‘खादिम अल्-हरमैन अश्-शरीफैन’ (दोन पवित्र मशिदींचा सेवक) हा किताब बातम्यांतून परिचित आहे. त्यात ‘हरमैन’ हे षष्ठीतील द्विवचन असून ‘शरीफैन’ हे त्याचे विशेषण चारही बाबतींत त्याला जुळते. बहरीन या देशाचे नावही मुळात ‘दोन समुद्र’ या अर्थाचे द्विवचन असून ते ‘-ऐन’ या रूपात गोठून गेले आहे.

सौदी राजाच्या या किताबात आणखी एक गोष्ट दिसते. मनुष्येतर प्राण्यांचे व वस्तूंचे अनेकवचन अरबीत स्त्रीलिंगी एकवचनाप्रमाणे वागते, म्हणून ‘नवी पुस्तके’ हे ‘अल्-कुतुबु अल्-जदीदतु’ असे होते. पण पुस्तके दोनच असतील तर ही सवलत नाही आणि ‘अल्-किताबानि अल्-जदीदानि’ असेच म्हणावे लागते. द्विवचनापुढे मनुष्य-मनुष्येतर हा भेद नाहीसा होतो. दोन भिन्न लिंगी नामे जोडून आली, तर नंतरचे क्रियापद पुल्लिंगी द्विवचनात जाते: ‘अल्-वलदु व-अल्-बिन्तु जलसा’ (मुलगा आणि मुलगी बसली). दोन्ही नामे एकवचनी असली तरी त्यांची बेरीज दोन होते, हे क्रियापद जाणते. या पुल्लिंगी वर्चस्वाचेच दुसरे रूप म्हणजे ‘अबवानि’ (शब्दशः दोन बाप), अर्थात आई-वडील. संस्कृतातील ‘पितरौ’ अगदी असेच बनले आहे, जरी या दोन भाषांचे कूळ एक नाही.

क्रियापदात द्विवचन तृतीय व द्वितीय पुरुषी असते. भूतकाळात ‘कतबा’ (त्या दोघांनी लिहिले), ‘कतबता’ (त्या दोघींनी लिहिले) आणि ‘कतब्तुमा’ (तुम्ही दोघांनी किंवा दोघींनी लिहिले) अशी रूपे आहेत. वर्तमानात ‘यक्तुबानि’ आणि ‘तक्तुबानि’ ही रूपे येतात. त्यांपैकी ‘तक्तुबानि’ हे ‘तुम्ही दोघे’, ‘तुम्ही दोघी’ आणि ‘त्या दोघी’ अशा तिन्ही अर्थांनी चालत असल्याने नेमका अर्थ संदर्भानेच कळतो. काही अव्ययांनंतर याही ‘नि’चा लोप होतो: ‘लन् यक्तुबा’ म्हणजे ‘ते दोघे लिहिणार नाहीत’. प्रथम पुरुषात मात्र द्विवचन नाही. संस्कृतातील ‘आवाम्’ व ‘गच्छावः’ यांच्या जोडीचे अरबी रूप शोधणाऱ्याला ते सापडत नाही, कारण ‘आम्ही दोघे’ हेही ‘नह्नु’ (आम्ही) या एकाच सर्वनामाने सांगतात. विधेय नाम असेल तर त्यात दोनपण परत येते: ‘नह्नु मुअल्लिमानि’, आम्ही दोघे शिक्षक आहोत.

‘दोन्ही’ या अर्थाचे ‘किला’ (स्त्रीलिंगी ‘किल्ता’) अर्थाने दोनाचे असूनही बहुधा एकवचनी क्रियापद घेते. कुराणात (१८:३३) दोन बागांविषयी ‘किल्ता अल्-जन्नतैनि आतत्’ असे आले आहे. ‘आतत्’ (फळ दिले) हे एकवचन आहे, जणू दोहोंतील प्रत्येक बाग वेगळी मोजली आहे. उलट ४९:९ मध्ये ‘ताइफतानि’ (दोन गट) या द्विवचनानंतर ‘इक्ततलू’ (ते आपापसात लढले) हे अनेकवचन येते, कारण प्रत्येक गटात पुष्कळ माणसे आहेत. लगेच पुढे ‘बैनहुमा’ (त्या दोहोंमध्ये) म्हणताना पुन्हा द्विवचन येते, कारण समेट दोन गटांत घडवायचा आहे. वचन शब्दाच्या रूपाने ठरवावे की अर्थाने, हा प्रश्न अरबीने येथे एकाच आयतीत दोन्ही बाजूंनी सोडवला आहे.

छापील मजकूर वाचताना एक अडचण नेहमी येते. ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्यामुळे ‘मुअल्लिमैनि’ (दोन शिक्षकांना) आणि ‘मुअल्लिमीन’ (अनेक शिक्षकांना) यांचे लेखन अगदी एकसारखे दिसते. दोहोंतही शेवटी ‘य’ आणि ‘न’ हीच अक्षरे येतात. कर्त्याच्या जागी एकात आलिफ व दुसऱ्यात वाव असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. इतर ठिकाणी विशेषणाकडे पाहावे: ‘अल्-जदीदैनि’ असेल तर शिक्षक दोन आहेत आणि ‘अल्-जुदुदि’ किंवा ‘अल्-जुदुद’ असेल तर अनेक. विशेषण नसेल तर पुढच्या वाक्यात सर्वनाम ‘हुमा’ येते की ‘हुम्’, यावरून उलगडा होतो. ज्यांचे अनेकवचन ‘कुतुब’सारखे शब्दाचा सांगाडाच बदलून होते, त्या नामांना ही संदिग्धता नाही.

बोलीभाषांत हे सारे पुष्कळ आक्रसले आहे. बोलींतील क्रियापद, विशेषण व सर्वनाम यांच्यातून द्विवचन गेले आणि नामांत ‘-एन्’ या एकाच रूपात उरले. कैरोच्या बोलीत ‘दोन मुले आली’ हे ‘इल्-वलदेन् गुम्’ असे म्हणतात: नाम द्विवचनी, क्रियापद अनेकवचनी. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये आधुनिक बोलींच्या समान लक्षणांची यादी केली, तेव्हा सुसंगतीतील द्विवचनाचा हा लोप त्यात धरला होता. हात, पाय, डोळे यांच्यासारख्या जोडीने असणाऱ्या अवयवांची ‘-एन्’ रूपे बोलींत अनेकवचन म्हणूनही चालतात. हाइम ब्लांक यांनी १९७० मध्ये त्यांना आभासी द्विवचन म्हटले आणि खऱ्या द्विवचनापासून ती वेगळी काढण्याची कसोटी दिली. जोडसर्वनाम लागताच आभासी द्विवचनाचा ‘न्’ गळतो, जसे कैरोत ‘माझे डोळे’ हे ‘अेनय्य’ होते. खऱ्या द्विवचनाला बोलीत असे सर्वनाम सहसा थेट लागतच नाही आणि ‘माझी दोन पुस्तके’ म्हणायला मालकी दाखविणारा वेगळा शब्द मध्ये घालावा लागतो. प्रमाण भाषेत ‘किताबाहु’ म्हणणारा माणूस घरी तसे बोलत नाही.