सात पानांचं पथ्य एका पानावर

मावशीला टाइप २ मधुमेह निघाला, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी तिला सात पानं दिली. सल्ला चांगला होता. त्यात काय खावं, काय टाळावं, कोणत्या पदार्थाने साखर किती वेगाने वाढते, सगळं होतं. मावशीने ती पानं मन लावून वाचली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. दीड महिन्याने जेवणानंतर दोन तासांची साखर २३० आली. ती रडवेली होऊन म्हणाली, "अगं, लिहिलंय तेवढंच खाते मी. दोन भाकऱ्या."

मी स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवला. एका भाकरीला तिने घेतलेलं ज्वारीचं पीठ भरलं ८५ ग्रॅम. बाईंच्या कागदावर तळटीप होती: एक भाकरी म्हणजे ३० ग्रॅम पीठ. म्हणजे ६० ग्रॅमच्या जागी पोटात जात होतं १७०. ज्वारीच्या पिठात साधारण ७० टक्के कर्बोदकं असतात आणि पचल्यावर त्यांची साखरच होते. ४२ ग्रॅमच्या जागी जवळजवळ १२० ग्रॅम. मावशीने पथ्य मोडलं नव्हतं, तिची भाकरी मोठी होती.

पान तयार करायचं ते इथून. ग्रॅमचे आकडे तिच्या घरातल्या भांड्यांत आणायचे. आम्ही स्टीलच्या वाट्या काट्यावर ठेवून पाहिल्या. एका लहान वाटीत सपाट भरलं की बरोबर ६० ग्रॅम पीठ बसत होतं. पानावर 'दोन भाकऱ्या' न लिहिता लिहिलं, 'दुपारी: या वाटीभर पिठाच्या पातळ भाकऱ्या, वाटीभर घट्ट उसळ, दोन वाट्या भाजी. कोशिंबीर आणि उसळ आधी, भाकरी नंतर.' क्रमालाही कारण आहे. भाज्यांतले तंतू आणि डाळीतली प्रथिनं आधी पोटात गेली की पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. वाटीला लाल दोरा बांधला, म्हणजे सुनेने भाकऱ्या केल्या तरी माप चुकणार नाही.

दुसरी अडचण वेळेची होती, आणि ती जास्त धोक्याची. तिला ग्लिमेपिराइडची गोळी आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. चिठ्ठीवर 'सकाळी' एवढंच होतं, म्हणून मावशी साडेसातला चहाबरोबर गोळी घ्यायची. मग आंघोळ, पूजा, आणि नाश्ता साडेनऊला. नवाच्या सुमाराला हात थरथरायचे, घाम यायचा. ती समजायची अशक्तपणा आहे. एकदा तेव्हाच बोट टोचून पाहिलं, साखर ६४. सत्तरच्या खाली गेली की लगेच उपाय लागतो. डॉक्टरांना विचारून पानावरून 'सकाळी' हा शब्दच काढला. आता तिथे आहे, 'नाश्त्याची ताटली समोर आली की गोळी. नाश्ता नाही, तर गोळी नाही, डॉक्टरांना फोन.' त्याखाली लाल शाईत: 'थरथर, घाम, गरगर: तीन चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा साखर. बरं वाटलं की काहीतरी खायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच दवाखान्यात.' शेवटचं वाक्य घरातल्या माणसांसाठी आहे.

सात पानांत 'रोज ३० मिनिटं चाला' असंही होतं. मावशीचे गुडघे दुखतात, ते कधी झालंच नाही. आम्ही त्याचे तुकडे केले: प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं, अंगणात. शतपावली तिला आईपासून ठाऊक होती. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतर ती चढत असतानाच हे झालं तर फायदा जास्त.

टाळायच्या पदार्थांची यादी मोठी होती. तिच्या घरात जे येतच नाही ते सगळं गाळलं. उरले तीन: चहातला गूळ (तो चालतो अशी तिची समजूत होती), संध्याकाळची बिस्किटं आणि एकादशीचा साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. एकादशीपुढे लिहिलं, 'आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारायचं.' उपास आणि ही गोळी एकत्र आली की साखर घसरू शकते.

पान फ्रिजवर लावण्याआधी आहारतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी उसळीचं माप तसंच ठेवलं आणि रात्री आठच्या जेवणाला भाताचा पर्याय जोडला: भाकरीऐवजी वाटीभर शिजवलेला भात, दोन्ही एकत्र नाही.

पान चालतंय का, हे वहीत दिसतं. आठवड्यातून दोन दिवस जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी मोजायचं. दुसरा आकडा १८० च्या आत हवा, असं डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलंय. दुसऱ्या आठवड्यात दुपारचे आकडे १६० ते १७५ होते, रात्रीचे मात्र २०० च्या वर. कारण सापडलं: रात्री सुनेने लाल दोऱ्याची वाटी वापरली होती, पण शिगोशीग भरून. आता वाटीवर सुरी फिरवून पीठ सपाट करायचं, हेही पानावर आहे.

हे पान फक्त मावशीचं. शेजारच्या काकू इन्सुलिन घेतात, त्यांनी याची नक्कल मागितली तेव्हा दिली नाही. कोपऱ्यात तारीख आणि गोळीचं नाव लिहिलंय. गोळी बदलली की हे पान फाडायचं आणि वाट्या पुन्हा काट्यावर ठेवायच्या.