दगड टाकून विहिरीची खोली काढताना ती नेहमी जास्तच का भरते?

विहिरीत दगड सोडायचा, पाण्याचा आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, त्यांचा वर्ग करून १६ ने गुणायचे, की पाण्यापर्यंतची खोली फुटांत मिळते. सूत्र बरोबर आहे. खाली पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात १६ फूट जाते आणि दोन सेकंदांत त्याच्या चौपट, म्हणजे ६४ फूट. तरीही नंतर दोरी सोडून पाहिली तर विहीर बहुतेक वेळा हिशेबापेक्षा उथळ निघते. चुका अनेक ठिकाणी होतात, पण बहुतेक सगळ्या एकाच दिशेने ढकलतात: वेळ खऱ्यापेक्षा जास्त मोजली जाते.

देशावरच्या काळ्या पाषाणात खोदलेली एखादी विहीर घेऊ. उन्हाळ्यात पाणी खाली गेले आहे आणि घड्याळात १.८ सेकंद आले. १.८ चा वर्ग ३.२४, त्याला १६ ने गुणून जवळजवळ ५२ फूट. पण या वेळात आवाजाचा परतीचा प्रवासही आला. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, म्हणजे ५२ फूट वर यायला त्याला ०.०४६ सेकंद लागले. ते वजा केले तर दगड पडण्याची वेळ १.७५४ सेकंद उरते आणि खोली ४९ फुटांवर येते. नव्या खोलीवरून आवाजाची वेळ पुन्हा काढली तर फरक दोन इंचांचा पडतो, त्यामुळे ही दुरुस्ती एकदा केली की पुरे.

पुस्तकांत आवाजाच्या या दुरुस्तीवर बराच भर असतो, पण खरी मोठी चूक अंगठ्याची असते. पाण्याला टेकताना हा दगड सेकंदाला ५६ फूट वेगाने जात असतो. आवाज ऐकून बटण दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला, तर खोलीत सरळ ११ फूट वाढतात. आवाजाची दुरुस्ती तीन फुटांचीसुद्धा नव्हती. आणि ज्याने दगड सोडला त्यानेच घड्याळ चालवले, तर ही चूक पूर्ण अंगावर येते. दगड आपणच सोडत असल्याने सुरुवात अचूक साधते, शेवट मात्र उशिरा होतो. म्हणून घड्याळ दुसऱ्याच्या हाती द्यावे. त्याने दगड सुटताना पाहून बटण दाबावे, लगेच नजर वळवावी आणि आवाज ऐकून पुन्हा दाबावे. दोन्ही टोकांना साधारण सारखा उशीर होतो आणि तो बराचसा एकमेकांत जिरतो. नजर वळवायची ती एवढ्यासाठी, की पडता दगड दिसत राहिला तर अंगठा आवाजाची वाट न पाहता आधीच दाबला जातो.

याहून चांगले म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. दगड धरलेला हात चित्रात असावा. मग व्हिडिओ संपादनाच्या ॲपमध्ये बोटे सुटल्याची चौकट शोधायची आणि आवाजाच्या रेषेत पाण्याचा आवाज कुठे उठतो ते पाहायचे. सेकंदाला ३० चौकटी असतील तर एका चौकटीची चूक या खोलीला दोन फुटांच्या आत राहते, ६० असतील तर फूटभर. इथे एक बारकावा आहे. दगड पाण्यात जाताना दोन आवाज होतात. आधी पृष्ठभागावर आपटल्याचा बारीक ‘चट’, आणि त्यानंतर काही शतांश सेकंदांनी, दगडामागे ओढली गेलेली हवा पाण्यात कोंडली जाते तेव्हा, मोठा ‘डुबुक’. कानाला डुबुकच ऐकू येतो, पण मोजायचा तो चट. रेषा पहिल्यांदा जिथे हलते ती जागा धरावी, सगळ्यात उंच शिखर नव्हे. भिंतींवरून येणारे प्रतिध्वनीही त्यानंतरचेच असतात.

दगड लिंबाएवढा घ्यावा. हवेच्या विरोधाने तो या खोलीला पाऊण फुटाच्या आसपासच फसवतो. हरभऱ्याएवढा खडा घेतला तर हवा त्याला इतकी अडवते, की खोली तीन-चार फुटांनी जास्त दिसते. दगड फेकायचा नाही, खालीही ढकलायचा नाही, नुसती बोटे उघडायची. तो कपारीला लागल्याचा ‘ठक’ आला तर तो प्रयोग सोडून द्यावा. पाच वेळा करून मधले उत्तर घ्यावे. कठड्यावरून हात जमिनीच्या तीन फूट वर असेल तर ४९ मधून तेही वजा होतात आणि पाणी जमिनीपासून ४६ फुटांवर ठरते.

यातून पाण्याची पातळी कळते, विहिरीचा तळ नाही. पाणी किती आहे ते वजन बांधलेल्या दोरीनेच पाहावे लागते. पिण्याच्या विहिरीत धुतलेलाच दगड टाकावा आणि मोटर व पाइप सोडलेल्या बाजूला मुळीच टाकू नये. बोअरवेलमध्ये तर हा प्रयोग करूच नये: सहा-साडेसहा इंचांच्या नळीत दगड भिंतींना आपटत जातो, म्हणून वेळ निरुपयोगी ठरते, आणि तो पंप व भिंत यांच्यामध्ये अडकला तर पंप वर काढता येत नाही.