ड्रमसेट आला, पण ढोलकवाला उठला नाही

नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या नौपाड्यात आमचा एक हौशी ऑर्केस्ट्रा होता, गणपतीत चार-पाच मंडळांचे कार्यक्रम मिळायचे, मी ऱ्हिदम गिटार वाजवायचो. पहिल्या वर्षी 'दम मारो दम' घेतलं आणि ते बेक्कार वाजलं. म्हणजे सूर बरोबर, ताल बरोबर, तरी स्पीकरमधून नुसता धबडगा, खालच्या आवाजाचा चिखल. आमच्यातले एक वयस्कर तबलजी होते, ते म्हणाले, "अरे ड्रमवाला पण खाली मारतोय आणि ढोलकवाला पण खालीच मारतोय, एकाने हात काढा." ढोलकवाल्याने डावा हात जवळपास बंद केला आणि गाणं लगेच सुटं झालं. तेव्हा एवढंच कळलं की काहीतरी जमलं. हाच प्रश्न आमच्या वीस वर्षं आधी ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत बसलेल्या लोकांनी सोडवलेला होता, हे फार नंतर समजलं.

सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमात रॉक आलं असं आपण सरसकट म्हणतो, पण वाद्यं आधीपासून होतीच. ड्रमसेट तर गोव्याच्या वादकांबरोबर चाळीस-पन्नासच्या दशकातच आला होता, हॉटेलात जाझ वाजवणारी मंडळी दिवसा स्टुडिओत यायची, कावस लॉर्डसारखे पारशी वादकही होते. इलेक्ट्रिक गिटारही होती, फक्त ती बहुतेक मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन, हजारा सिंगांची वगैरे. 1965 च्या 'गुमनाम'मध्ये तर टेड लायन्सचा अख्खा बँड पडद्यावर दिसतो, आणि 1966 च्या 'तीसरी मंझिल'चा हीरोच हॉटेलातला ड्रमर आहे. पण ही सगळी क्लबमधली गाणी. क्लबचा सीन आला की ड्रमसेट, सीन संपला की परत तबला-ढोलक, असा हिशेब होता. सत्तरनंतर तो मोडला, गिटार आणि ड्रम साध्या प्रेमगीतातही येऊन बसले, आणि हे मुख्यतः आर. डी. बर्मनच्या टीममुळे झालं (बाकीच्यांनी काही केलं नाही असं नाही, पण माझं मत हेच).

आता अडचण काय होती ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आपल्या सिनेमाच्या गाण्यांचा नेहमीचा ठेका म्हणजे केहरवा, आठ मात्रा, धा गे ना ती ना के धिं ना. यात बायां, म्हणजे डाव्या हाताचा घुमारा, पहिल्या-दुसऱ्या मात्रेला येतो आणि मग थेट सातव्याला. पाचव्या मात्रेला तालातली 'खाली', तिथे तबला हलका होतो, ठेक्याचा सगळा झोल, म्हणजे ते झुलणं, याच हलकेपणात आहे. आणि रॉकचा साधा ठेका याच आठ मात्रांवर बसवला तर पायाचा मोठा ड्रम, किक, पडतो पहिल्या आणि पाचव्या मात्रेला, आणि काडीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम, स्नेअर, कडाडतो तिसऱ्या आणि सातव्याला. म्हणजे जिथे केहरवा श्वास घेतो नेमकी तिथेच किक धाडकन पडते, आणि जिथे बायां घुमतो तिथे स्नेअर त्याच्या डोक्यावर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र पूर्ण जोरात वाजवले तर झोलही जातो आणि ठोसाही जातो. आमच्या नौपाड्यात झालं ते हेच.

स्टुडिओत तर याहून वाईट परिस्थिती. तेव्हा गाणं एकत्रच रेकॉर्ड व्हायचं, गायक बूथमध्ये, व्हायोलिनवाले एका बाजूला, तबला-ढोलक-ड्रमवाले दुसरीकडे, आणि सगळ्यांचे माईक शेवटी एकाच मोनो ट्रॅकमध्ये जाणार. आज कसं, किकचा आवाज नंतर कमी करता येतो, तेव्हा टेक झाला की झाला, पन्नास-साठ वादकांपैकी कुणी दुसऱ्या अंतऱ्यानंतर चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. आणि मोनोत एकाला डावीकडे एकाला उजवीकडे ठेवून सोडवायची सोयच नाही. त्यामुळे कोणी कुठे थांबायचं हे अरेंजमेंटमध्येच ठरवावं लागायचं. व्हायोलिन आणि ब्रासवाल्यांना नोटेशन लिहून मिळायचं, गिटारवाल्याला कॉर्ड, आणि ऱ्हिदमच्या लोकांशी तोंडीच बोलून ठेका बसवायचा, म्हणजे हा अर्धा निर्णय कागदावर नसायचाच.

'दम मारो दम' (1971, 'हरे रामा हरे कृष्णा') याच नजरेने ऐका. सुरुवातीला गिटार, ती भूपिंदर सिंग यांची, हो तेच गझलवाले भूपिंदर, बऱ्याच लोकांना आजही पटत नाही की 'चुरा लिया है' आणि 'चिंगारी कोई भडके'ची गिटार पण त्यांचीच. तिच्यासोबत जो एक सूर लांबलचक धरून ठेवलेला ऐकू येतो तो चरणजीत सिंगांच्या ट्रान्सिकॉर्डचा, म्हणजे ॲकॉर्डियनसारख्या दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा. तो बरोब्बर तानपुऱ्याचं काम करतोय. रॉक गाण्याला कॉर्ड बदलत पुढे न्यायची सवय असते, इथे खाली षड्ज धरल्यासारखा सूर धरून त्यावर गिटार सोडलीय, म्हणून हिप्पींचं गाणं असूनही आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. (हेच चरणजीत सिंग पुढे 1982 मध्ये रोलँड कंपनीची सिंथेसायझर मशिनं घेऊन रागांवर डिस्को वाजवणारी रेकॉर्ड काढून बसले, तेव्हा कुणी विचारलं नाही आणि तीसेक वर्षांनी परदेशातले लोक वेडे झाले, पण तो वेगळा विषय.)

मग ठेक्याचं काय केलं? बायां आणि किक यांच्यात भांडण लावण्याऐवजी तळाचं काम बेस गिटारकडे दिलं. आधी हे काम उभा डबल बेस करायचा, पण त्याचा आवाज मऊ, गर्दीत विरघळणारा. बेस गिटारच्या प्रत्येक सुराला टोक असतं, ते मोनोतही वेगळं ऐकू येतं. टोनी वाझ हे आरडींकडे बेस वाजवायचे. आता तळ बेसने धरल्यावर ड्रमरला किक सतत मारायची गरज उरली नाही, तो हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, चालू ठेवणार, ओळ संपताना टॉम नावाच्या ड्रमवर एक रोल देऊन गाणं पुढच्या ओळीत ढकलणार. आणि ढोलक-तबल्याच्या जागी मधला आवाज भरायला मादल आला, नेपाळी ढोलकच तो, रणजित गझमेर म्हणजे कांचा भाईंनी आणलेला. मादलचा सूर बायांपेक्षा वर बसतो, त्यामुळे बेसशी टक्कर होत नाही, आणि झोल मात्र देशीच राहतो. मारुतीराव कीर, होमी मुल्लन ही मंडळी त्याच्या भोवती बाकीचं भरायची. पुढे सत्तरच्या मध्यापासून ड्रमवर फ्रँको वाझ आले, त्यांच्या आधी लेस्ली गोडिन्हो.

म्हणून आरडींच्या बऱ्याच गाण्यांत ड्रमसेट आहे असं आपण छातीठोक सांगतो आणि नीट ऐकायला बसलो की लक्षात येतं, ठेका ड्रमसेट चालवतच नाहीये, तो फक्त झांज वाजवतोय आणि दारं उघडतोय. हे ओळखायची सोपी युक्ती: मुखडा चालू असताना टाळी तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर द्या. तिथे स्नेअर तुमच्या टाळीबरोबर दर वेळी पडत असेल तर गाणं खरोखर ड्रमवर चाललंय. टाळी एकटी पडली आणि आजूबाजूला काहीतरी घरंगळत गेलं तर मादल किंवा ढोलकच मालक आहे.

पडद्यावर मात्र याच्या उलट चाललं होतं. 1973 च्या 'यादों की बारात'मध्ये हॉटेलात बँड घेऊन उभा राहिलेला गिटारवाला तारिक, 1977 च्या 'हम किसीसे कम नहीं'मध्ये तर स्टेजवर चक्क गाण्यांची स्पर्धा, तिथे दिसतात चार-पाच वादक आणि ऐकू येतात चाळीस. व्हायोलिन कुठून आली असं कुणी विचारत नाही. आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचे हाल याच्यामुळे झाले, पब्लिकला वाटायचं पडद्यावर पाच जण वाजवतात तर तुम्हाला पाच जणांत का जमत नाही. एक गिटार, एक कीबोर्ड, ऱ्हिदमला दोन माणसं, काय काय करणार.

गिटार खऱ्या अर्थाने पुढे आली ती 'कर्ज'मध्ये, 1980. लक्ष्मीकांत-प्यारेलाल म्हणजे ढोलकवाले असा शिक्का, आणि त्यांच्याच सिनेमात गिटारच्या एका सुरावटीवर अख्खी गोष्ट उभी, ती वाजली की हीरोला मागचा जन्म आठवतो. 'एक हसीना थी'ची ती गिटार प्यारेलालांचे भाऊ गोरख शर्मा यांनी वाजवली. मूळ धून जॉर्ज बेन्सनच्या एका तुकड्यावरून घेतलेली, ते लपण्यासारखं नाहीच. पण इथे गिटार भरणा म्हणून नाही, गायकासारखी वापरलीय, ओळ वाजवायची, थांबायचं, पुन्हा वाजवायची, आणि ती थांबते तेव्हा मागचं सगळं पण दबतं. त्या काळी ठाण्यात ज्याच्या हातात गिटार पडली त्याने पहिलं हेच वाजवलं, एकाच तारेवर का होईना. मी पण.

त्याच वर्षी 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं, संगीतकार बिद्दूंनी लंडनमध्ये मल्टिट्रॅकवर रेकॉर्ड केलेलं. वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर, त्यामुळे किक वाट्टेल तेवढी पुढे आणता येते, आणि ती आणलीच आहे. आपल्याकडेही मल्टिट्रॅक रुळत गेलं तसा मोनोचा जुना दबाव सुटला. आता ड्रमसेटने खुशाल तळ धरावा अशी सोय झाली, आणि विनोद बघा, नेमक्या त्याच दशकात ड्रमरची जागा मशीन घ्यायला लागलं. म्हणजे जेव्हा ड्रमरला ठेका चालवायला मिळणार होता तेव्हा खुर्चीच गेली. चार-पाच जणांच्या बँडचा आवाज हिंदी सिनेमात सरळसरळ मुख्य झाला तो 2008 च्या 'रॉक ऑन'मध्ये, तिथे पडद्यावर जेवढे लोक दिसतात साधारण तेवढेच ऐकू येतात.

आमच्या ऑर्केस्ट्रातही ड्रमसेट फार टिकला नाही. टेम्पोत मावायचा नाही, गडकरी रंगायतनला एकदा कार्यक्रम होता तेव्हा तो उतरवून लावण्यातच तास गेला. मग ऑक्टोपॅड घेतला, आठ रबरी चौकोन, सुटकेसमध्ये बसणारा. वाजवायला कोण बसला? तोच ढोलकवाला. काड्या धरायला शिकला महिन्याभरात, पण 'दम मारो दम' आलं की एक हात काडीवर आणि दुसरा हात बाजूला ठेवलेल्या ढोलकवर.