घरातले सगळे नेटवर्क एकदम बंद पडत असेल, तर राउटर रिसेट करण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा येते. टीव्ही, कॅमेरे, वरच्या मजल्यावरचे वायफाय, प्रिंटर असे सगळे एकाच वेळी थांबते. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ चालते आणि पुन्हा थांबते. दोष राउटरचा असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण सगळ्या वायरी शेवटी त्याच्याकडेच जातात. परंतु अशा तक्रारींच्या मुळाशी बरेचदा राउटर नसून त्याला जोडलेले एखादे भलतेच उपकरण असते.

प्रथम बिघाड घराच्या आत आहे की बाहेर, हे पाहावे. फायबरच्या डब्यावर LOS नावाचा लाल दिवा लागला असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार नोंदवावी. तो दिवा नसेल, तर जिथे नेटवर्क अडते तिथल्याच विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा द्यावी. बऱ्याच घरांत राउटरचा पत्ता हाच असतो. आपला वेगळा असल्यास तो बहुधा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

```
ping -t 192.168.1.1
```

उत्तरे नियमित येत असतील आणि तरीही इंटरनेट चालत नसेल, तर अडचण बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. Request timed out असे ओळीने दिसू लागले, तर मात्र आपल्या घरातल्या घरातच संपर्क तुटलेला आहे, आणि हे माहितीपत्रक त्याच प्रसंगासाठी आहे.

आता ज्या एका चुकीमुळे आपला आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो, तिच्याविषयी. राउटरच्या मागे एक बारीक भोक असते आणि त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबले की राउटर ‘नव्यासारखा’ होतो, हे आता घराघरांत माहीत झाले आहे. त्या दाबण्याने कंपनीने दिलेले युजरनेम, पासवर्ड आणि जोडणीचे इतर तपशील पुसले जातात. मूळ बिघाड दुसऱ्याच उपकरणात असल्याने तो तसाच राहतो, वर आता इंटरनेटही जाते. आम्ही पोहोचतो तेव्हा एकाऐवजी दोन बिघाड एकमेकांत गुंतलेले असतात, आणि रविवारी कंपनीकडून पासवर्ड मिळवण्यात अर्धा दिवस जातो. राउटर बटणाने बंद-चालू करण्यास आमची हरकत नाही; टाचणी मात्र कृपया शिवणकामासाठीच ठेवावी.

बिघाड कसा लपून बसतो, याचे एक उदाहरण देतो. एका दुमजली घरात जिन्याखाली आठ पोर्टचा साधा स्विच, म्हणजे अनेक उपकरणांच्या नेटवर्क वायरी एकत्र जोडणारा डबा, होता आणि घरातल्या सगळ्या वायरी त्यात येत होत्या. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास नेटवर्क थांबे आणि सकाळी कामाच्या वेळी आपोआप सुरू होई. त्या कुटुंबाने राउटर बदलला, दोन वेळा रिसेट केला आणि एक केबलही नवी टाकून घेतली. नेटवर्क बंद असतानाच आम्हाला बोलावण्यात आले, तेव्हा आम्ही जिन्याखाली बसून स्विचमधून एकेक वायर काढत गेलो. टीव्हीची, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरची, प्रिंटरची वायर काढून काहीच बदल झाला नाही. चौथी वायर काढताच पिंगची उत्तरे पुन्हा येऊ लागली. ती वायर अभ्यासिकेतल्या डॉकची, म्हणजे लॅपटॉप बसवला की त्याला नेटवर्क आणि इतर वायरींशी जोडणाऱ्या उपकरणाची होती, आणि त्या वेळी डॉकवर लॅपटॉप नव्हताच.

कोडे तिथेच सुटले. घरमालक संध्याकाळी लॅपटॉप उचलून खाली नेत, पण डॉकचा वीजपुरवठा चालू राही. डॉकमधली नेटवर्कची चिप जागी असल्याने तिच्याकडे माहिती येत राही, मात्र ती उचलून घेणारा लॅपटॉप नसल्याने काही मिनिटांत तिची साठवणूक भरून जाई. मग ती स्विचला ‘थांब’ असा संदेश पाठवू लागे. वायरच्या नेटवर्कमध्ये अशा विनंतीची रीतसर सोय आहे. एका संदेशाने एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवर जास्तीत जास्त सुमारे 33 मिलिसेकंद थांबवता येते. म्हणजे सेकंदाला तीसेक संदेश पुरतात आणि ती वायर कायमची अडते. स्वस्त स्विच त्या पोर्टकडे जाणारी माहिती स्वतःजवळ साठवत राहतो, त्याचीही जागा भरते, आणि मग तोच बाकीच्यांना थांबायला सांगतो. सकाळी लॅपटॉप डॉकवर बसला की सगळे मोकळे होई. लॅपटॉप उचलणे आणि नेटवर्क थांबणे यांत काही मिनिटांचे अंतर पडत असल्याने दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

आपल्या घरी हीच तपासणी करताना काही पथ्ये पाळावीत. नेटवर्क बंद पडलेले असतानाच ती करावी. आधी राउटर बंद-चालू केल्यास बिघाड तात्पुरता दबतो आणि हाती काही लागत नाही. उपकरण रिमोटने किंवा बटणाने बंद करणे पुरेसे नाही, कारण ‘बंद’ टीव्हीचे नेटवर्कही जागे असू शकते. वायर स्विचच्या बाजूनेच काढावी. प्रत्येक वायर काढल्यावर दोन मिनिटे थांबावे आणि काढलेली वायर लगेच परत लावू नये, कारण दोषी उपकरणे दोन असतील तर एकेक काढून लावण्यात दोन्ही निसटतात. काढण्यापूर्वी वायरीवर कागदाची पट्टी चिकटवून उपकरणाचे नाव लिहावे. नेटवर्क सुरू झाले की शेवटची वायर बाजूला ठेवून बाकीच्या एकेक करून परत लावाव्यात, आणि सगळे नीट चालते आहे असे दिसल्यावर संशयित वायर शेवटी लावून बिघाड परततो का, हे पाहावे. तो परतला, तर त्याच वायरवर आणि त्याच पोर्टवर दुसरे उपकरण जोडावे, म्हणजे दोष उपकरणाचा की वायरीचा वा पोर्टचा हे कळते.

राउटरची आणि पिंग देणाऱ्या संगणकाची वायर सोडून बाकी सगळ्या वायरी काढूनही राउटर उत्तर देत नसेल, तेव्हाच राउटरवर संशय घ्यावा. स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात वेगाने लुकलुकत असतील, तर एखाद्या केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये गेली आहेत का, हे आधी पाहावे. सफाईनंतर असे होते. जुना राउटर ‘वायफाय वाढवण्यासाठी’ तसाच जोडला असेल, तर तोही उपकरणांना स्वतःचे पत्ते वाटू लागतो. अशा वेळी काही उपकरणे चालतात आणि काही चालत नाहीत.

आम्ही फोनवरच ‘एकेक वायर काढून पाहा’ असे सांगतो, तेव्हा हे येण्याची टाळाटाळ करत आहेत असे काहींना वाटते. खरे तर आम्ही येऊनही तेच करणार असतो, आणि बिघाड संध्याकाळचा असेल तर सकाळी अकराला येऊन आम्हाला काहीच सापडत नाही. भेटीचे शुल्क मात्र वायर एक काढली तरी आणि दहा काढल्या तरी सारखेच आहे. ते दोषी उपकरण शोधण्याचे आहे.

वरील घरी आम्ही डॉकला वेगळे बटण लावून दिले, जे लॅपटॉप उचलताना बंद करायचे असते. विस्मरण होत असेल, तर प्रत्येक पोर्टची सेटिंग बदलता येणारा स्विच घ्यावा. त्यात संबंधित पोर्टचे फ्लो कंट्रोल बंद केले की ‘थांब’ या संदेशाकडे स्विच लक्ष देत नाही. असे स्विच आमच्याकडे मिळतात, जोडताना प्रत्येक वायरीवर छापील चिठ्ठी लावून देतो आणि राउटरच्या जोडणीचे तपशील एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवतो.