ग्रीनलंड आफ्रिकेएवढे का दिसते?

जगाच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ एकाच मापाचे दिसतात. प्रत्यक्षात ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आहे, तर आफ्रिकेचे तीन कोटींहून थोडे जास्त, म्हणजे चौदापट. इतकेच कशाला, विषुववृत्तावर वसलेला एकटा काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा देश (सुमारे २३.४ लाख चौ. किमी) ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे. नकाशात मात्र तो ग्रीनलंडच्या एका कोपऱ्यात सहज मावेल असे वाटते.

‘गोल पृथ्वी सपाट कागदावर बसत नाही’ एवढे उत्तर शाळेत मिळते. ते खरे असले तरी अपुरे आहे. गोलाचा पृष्ठभाग सपाट करताना काहीतरी बिघडणारच, पण उत्तरेकडचाच भाग का फुगावा आणि तोही इतका का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी असे भिंतीवरचे नकाशे ज्या पद्धतीने काढलेले असतात, त्या मर्केटरच्या प्रक्षेपणाची रचनाच पाहावी लागते.

पृथ्वीचा परीघ विषुववृत्तावर साधारण ४०,००० किमी आहे. आपण ४० सेंमी रुंदीचा नकाशा काढायला घेऊ, म्हणजे विषुववृत्तावर १ सेंमीला १,००० किमी असे प्रमाण आले. या नकाशात सगळी रेखावृत्ते उभी आणि एकमेकांना समांतर असतात. पृथ्वीवर ती तशी नसतात. ती ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. त्यामुळे अक्षवृत्ते लहान होत जातात. किती लहान, ते अक्षांशाची कोसाइन सांगते. ६० अंशाची कोसाइन ०.५ आहे, म्हणून तिथले अक्षवृत्त २०,००० किमीचेच भरते. नकाशावर मात्र तेही ४० सेंमी लांब काढावे लागते. म्हणजे ६० अंशांवरची प्रत्येक गोष्ट पूर्व-पश्चिम दिशेने दुप्पट ताणली जाते आणि ८० अंशांवरची ५.७६ पट.

इथपर्यंत फुगवटा एकाच दिशेने झाला आहे. इथेच थांबले तर देश आडवे पसरलेले दिसतील, आणि नाविकाच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे नकाशावरचा कोन समुद्रावरच्या कोनाशी जुळणार नाही. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच तो नाविकांच्या वापरासाठी असल्याचे म्हटले होते. होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज चालवले तर त्याचा मार्ग नकाशावर सरळ रेषेत यावा, ही त्याची गरज होती. ती भागवण्याचा मार्ग असा, की एखादी जागा पूर्व-पश्चिम जितकी ताणली गेली, तितकीच ती उत्तर-दक्षिणही मुद्दाम ताणायची. आकार आणि कोन वाचले, पण ताण दोन्ही दिशांनी लागल्यामुळे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढले. सूत्र एवढेच:

क्षेत्रफळाचा फुगवटा = 1 / cos²φ (φ म्हणजे अक्षांश)

१०० किमी बाजूचा जमिनीचा एक चौरस घ्या. आपल्या नकाशात विषुववृत्तावर तो १ मिमी बाजूचा दिसेल. तोच ६० अंशांवर नेला तर २ मिमी बाजूचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. ८० अंशांवर त्याची बाजू ५.७६ मिमी आणि क्षेत्रफळ ३३ पट. ध्रुवावर कोसाइन शून्य होते, म्हणून मर्केटरच्या नकाशात ध्रुव कधीच दाखवता येत नाही. तो अनंत अंतरावर असतो.

या उभ्या ताणाचे गणित मोठे गमतीचे आहे. प्रत्येक अक्षांशाला ताण वेगळा, म्हणून अक्षवृत्ते कुठे आखायची हे ठरवायला लहान लहान पट्ट्यांचे ताण एकापुढे एक मिळवत जावे लागतात. कलनशास्त्र अजून जन्मायचे होते, तेव्हा एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने ही बेरीज करून कोष्टके बनवली आणि १५९९ मध्ये प्रसिद्ध केली. आज त्याला एक सूत्र पुरते:

y = R · ln tan(45° + φ/2)

यात y हे विषुववृत्तापासूनचे नकाशावरचे अंतर, R ही नकाशाच्या प्रमाणात पृथ्वीची त्रिज्या आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. त्यात आकडे घातले तर आपल्या नकाशात विषुववृत्त ते १० अंश हे अंतर १.१२ सेंमी येते. पृथ्वीवर तेवढ्याच लांबीचा ७० ते ८० अंशांचा पट्टा मात्र ४.४६ सेंमी जागा खातो. ग्रीनलंडचा बराचसा रुंद भाग नेमका याच पट्ट्यात आहे.

आता काँगोकडे पुन्हा पाहू. तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याचा फुगवटा सरासरी एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहतो. नकाशात तो सुमारे २.४ चौ. सेंमी भरेल. ग्रीनलंडचा मध्य अक्षांश ७२ धरला, तर फुगवटा १०.५ पट येतो आणि २.१७ चौ. सेंमीचे बेट २२ चौ. सेंमीच्या पुढे जाते. खरा आकडा याहून मोठा असतो. कारण फुगवटा सरळ प्रमाणात नाही, वेगाने चढत जातो. मध्याच्या दक्षिणेचा भाग जेवढा कमी फुगतो, त्यापेक्षा उत्तरेचा भाग कितीतरी जास्त फुगतो. एका देशाला एकच सरासरी अक्षांश लावून हिशेब करणाऱ्यांचे उत्तर इथेच चुकते. रशिया किंवा कॅनडासारख्या उभ्या दिशेनेही मोठ्या देशांत ही चूक आणखी वाढते.

सूत्र दक्षिणेलाही तेच लागू आहे. पण तिकडे ५६ अंशांच्या पुढे अंटार्क्टिका सोडून मोठी जमीनच नाही, आणि अंटार्क्टिका बहुतेक छापील नकाशांत कापलेली असते. म्हणून हा दोष फक्त उत्तरेचा वाटतो. उत्तरेचे देश मोठे दाखवण्याचे हे कारस्थान होते, अशा पोस्ट अधूनमधून फिरतात. कोसाइनला कुठल्याही खंडाचा पक्ष घेता येत नाही. नाविकांसाठी काढलेला नकाशा लोकांनी भिंतीवर लावला, दोष असलाच तर तिथे आहे. ‘खरा नकाशा’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या गॉल-पीटर्स प्रक्षेपणात क्षेत्रफळे बरोबर असतात, पण विषुववृत्तावरचे देश रुंदीच्या मानाने दुप्पट उंच ताणलेले असतात आणि ६० अंशांवरचे दुप्पट आडवे. म्हणजे एक खोट काढून दुसरी घेतली.

समोरचा नकाशा कोणत्या जातीचा आहे हे पट्टीने कळते. सरळ रेखावृत्तांच्या नकाशात ० ते २० आणि ६० ते ८० अंशांमधली अंतरे मोजा. दुसरे अंतर पहिल्याच्या तिपटीहून थोडे जास्त भरले, तर मर्केटर. दोन्ही सारखी असतील, तर ताण फक्त आडवा आहे आणि फुगवटा 1 / cosφ एवढाच, म्हणजे ६० अंशांवर चौपट नव्हे, दुप्पट. हवामानाचे आणि तापमानाचे जागतिक नकाशे पुष्कळदा या जातीचे असतात, म्हणून आर्क्टिकचा लाल पट्टा त्यांत आहे त्यापेक्षा मोठा भासतो. दुसरे अंतर कमी भरले, तर नकाशा समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळे बरोबर दाखवणारा, असण्याची शक्यता मोठी.

मोबाइलवरच्या नकाशात, पृथ्वीचा गोल दाखवणारे दृश्य बंद असेल, तर झूम न बदलता विषुववृत्तावरून ६० अंशांपर्यंत सरका आणि कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीकडे पाहा. तेवढीच लांब पट्टी आता निम्मे किलोमीटर दाखवेल. असे नकाशे ८५.०५ अंशांवर कापलेले असतात, कारण तिथे कापला की जगाचा नकाशा बरोबर चौरस होतो आणि त्याचे चौकोनी तुकडे पाडणे सोपे जाते.

मर्केटर नकाशावरून खरे क्षेत्रफळ काढायचे असेल, तर देशाचे पाच-पाच अंशांचे आडवे पट्टे पाडावेत, प्रत्येकाचे नकाशावरचे क्षेत्रफळ मोजावे, पट्ट्याच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गाने गुणावे आणि मग बेरीज करावी. ५५ अंशांना हा गुणक ०.३२९ असतो, ६५ ला ०.१७९, ७५ ला ०.०६७. दहा अंशांचे पट्टे घेतले तरी ७० ते ८० मध्ये चूक चार टक्क्यांच्या आसपास राहते. ८० च्या पुढे मात्र गुणक इतक्या झपाट्याने उतरतो, की पट्टे एकेक अंशाचे करावे लागतात.