दस्तलेखनातील ‘सदर’ आणि ‘असा’ यांची छाटणी

खरेदीखत, भाडेपट्टा, करारनामा अशा दस्तांत आधी उल्लेख झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवण्यासाठी नामाआधी ‘सदर’, ‘सदरहू’, ‘उक्त’, ‘मजकूर’, ‘उपरोक्त’ किंवा ‘असा-अशी-असे’ लावण्याची जुनी पद्धत आहे. इंग्रजी दस्तांत हेच काम ‘सेड’ आणि ‘सच’ करतात. हे शब्द जिथे काही काम करत नाहीत तिथे काढायचे आणि जिथे करतात तिथे त्यांचे काम दुसऱ्या, नेमक्या शब्दाकडे सोपवायचे, याला इथे छाटणी म्हटले आहे. छाटणीनंतर वाक्य कोणत्या जमिनीबद्दल, कोणत्या माणसाबद्दल किंवा कोणत्या नोटिशीबद्दल बोलते ते पूर्वीइतकेच पक्के राहिले पाहिजे. तसे राहिले नाही तर ती छाटणी नव्हे, दस्तातला बदल होय.

‘सदर’ मूळ अरबी. अर्थ छाती, पुढचा किंवा वरचा भाग. त्यावरून ‘वर सांगितलेला’. ‘मजकूर’ हाही अरबीच, ‘उल्लेख झालेला’ या अर्थाचा. पेशवाईतल्या मोडी कागदांत ‘मौजे मजकूर’, ‘सन मजकूर’ हे शब्द पदोपदी भेटतात आणि आदराने उल्लेख करायच्या माणसासाठी ‘मशारनिल्हे’ येतो. इंग्रजी अमलात इंग्रजी दस्तांचा साचा आला तेव्हा मराठी दस्तलेखकाकडे त्याला बसणारे शब्द आधीच तयार होते. ‘सदर’चा भरणा फक्त भाषांतरातून आला असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही.

मात्र इंग्रजीतली छाटणीची युक्ती मराठीत तशीच चालत नाही, आणि या विषयात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. इंग्रजीत ‘सेड’ काढला तरी नामाआधीचे ‘द’ शिल्लक राहते आणि वाचणाऱ्याला कळते की आधी सांगितलेलीच जमीन आहे. मराठीत असे उपपद नाही. ‘सदर जमीन विकता येणार नाही’ मधला ‘सदर’ नुसता पुसला की ‘जमीन विकता येणार नाही’ उरते आणि ते कोणत्याही जमिनीला लागू पडेल असे वाचता येते. मराठीत ‘सदर’च्या जागी बहुधा काहीतरी ठेवावे लागते: ‘ती’, ‘या’, गट नंबर, किंवा दस्ताच्या सुरुवातीला ठरवून दिलेले नाव.

‘ती’वरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. लिंगभेदामुळे मराठी सर्वनाम काही वेळा मदतीला येते: जमीन आणि रस्ता अशा दोनच गोष्टी असतील तर ‘ती’ म्हणजे जमीन आणि ‘तो’ म्हणजे रस्ता, यात शंका उरत नाही. पण शेतीच्या दस्तात जमीन, मिळकत, विहीर, पाइपलाइन, मोटर, वाट ही सगळी स्त्रीलिंगी नामे एकाच परिच्छेदात जमतात. तिथे ‘ती’ म्हणजे नेमके काय, हे बाजूचे नाम पाहून सांगता येत नाही.

नमुन्यादाखल एक कलम घेऊ. असे मसुदे नेहमी पाहायला मिळतात:

“लिहून देणार यांचे मालकीची गट नंबर 214, क्षेत्र 0 हेक्टर 80 आर ही जमीन असून सदर जमिनीत विहीर आहे. सदर विहिरीचे पाणी सदर जमिनीस व लगतच्या गट नंबर 215 या जमिनीस मिळते. सदर जमिनीपैकी उत्तरेकडील 0 हेक्टर 40 आर क्षेत्र सदर लिहून घेणार यांना विकले असून, सदर क्षेत्रातून सदर जमिनीकडे जाण्यास रस्ता खुला राहील.”

तीन वाक्यांत सात ‘सदर’ आहेत, पण खरा प्रश्न शेवटच्याचा आहे. विकलेल्या 40 आरमधून रस्ता कुठे जायचा? ‘सदर जमीन’ हा शब्द आधी सरळ गट 214 साठी आला आहे, मग तो 214 मधल्या उरलेल्या दक्षिणेकडच्या 40 आरसाठी आहे का? की मधल्या ओळीत ‘जमीन’ म्हणूनच आलेल्या गट 215 साठी? खरेदीदार पहिला अर्थ घेईल, कारण तसे झाले तर त्याच्या शेतातून फक्त लिहून देणाराच जाणार. गट 215 चा मालक दुसरा अर्थ काढून वाट मागेल. ‘सदर’ भरपूर असल्याने दस्त घट्ट वाटतो, आणि नेमके जिथे बोट दाखवायचे तिथे तो मोकळा आहे.

मोकळी जागा आधीपासून होती, ‘सदर’ने ती फक्त झाकली होती. म्हणूनच छाटणीला बसताना प्रत्येक ‘सदर’पाशी थांबून ‘कोणती?’ हा एकच प्रश्न विचारावा आणि दस्तात त्या नामाच्या आधी आलेल्या सगळ्या वस्तू मोजाव्यात. एकच निघाली तर ‘सदर’ काढून ‘ती’ किंवा ‘त्या’ने भागते, कधी काहीच लागत नाही. ‘सदर लिहून घेणार’ हे तसे आहे: दस्तात लिहून घेणारा एकच आहे आणि ते त्याचे ठरलेले नाव आहे, म्हणून तिथला ‘सदर’ निव्वळ ओझे. दोन किंवा जास्त वस्तू निघाल्या तर ‘सदर’ ठेवूनही उपयोग नाही. तिथे नावच द्यावे लागते.

वरच्या कलमात तीन वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून तीन नावे. गट 214 चे पूर्ण 80 आर म्हणजे ‘मूळ जमीन’, उत्तरेकडचे 40 आर म्हणजे ‘विक्री क्षेत्र’ आणि दक्षिणेकडचे 40 आर म्हणजे ‘शिल्लक क्षेत्र’. नावे चतुःसीमेसह एकदाच द्यायची. मग कलम असे होते:

“मूळ जमिनीत विहीर आहे. विहिरीचे पाणी मूळ जमिनीस व लगतच्या गट नंबर 215 ला मिळते. लिहून देणार यांनी विक्री क्षेत्र लिहून घेणार यांना विकले आहे. शिल्लक क्षेत्राकडे जाण्यासाठी विक्री क्षेत्राच्या पूर्व बांधालगत 3 मीटर रुंदीचा रस्ता खुला राहील.”

एकही ‘सदर’ उरला नाही आणि संदर्भ आधीपेक्षा घट्ट झाला. ‘विहिरीचे पाणी’ला काहीच लावावे लागले नाही, कारण दस्तात विहीर एकच आहे. रस्त्याची बाजू आणि रुंदी मूळ मसुद्यात नव्हती. ती छाटणाऱ्याने मनाने घालायची नाही, पक्षकारांना विचारून घ्यायची. छाटणी करताना असे प्रश्न वर येतात, आणि माझ्या मते तिचा खरा फायदा हाच आहे. कागदाची बचत होते ते त्यापुढे किरकोळ.

एक सापळा मराठी दस्तांत हमखास असतो. मिळकतीच्या वर्णनाखाली लिहिलेले असते, “या मिळकतीस यापुढे ‘सदर मिळकत’ असे संबोधले आहे.” इथे ‘सदर’ हे विशेषण राहिलेले नाही, ते नावाचा भाग झाले आहे. संगणकावर शोधा-आणि-बदला करून सगळे ‘सदर’ उडवले की व्याख्येतले नाव आणि पुढच्या कलमांतले नाव यांची ताटातूट होते. छाटायचे असेल तर आधी व्याख्या बदलावी, ‘विक्रीची मिळकत’ असे काही ठेवावे, मग पुढची प्रत्येक जागा हाताने बदलावी. ‘सदरची’, ‘सदरील’, ‘सदरहू’ ही रूपे वेगळी शोधावी लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

‘असा’चे प्रकरण अधिक नाजूक. ‘सदर’ फक्त बोट दाखवतो. ‘असा’ कधी बोट दाखवतो आणि कधी आधीच्या अटी सोबत घेऊन येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 मध्ये आधी विक्री म्हणजे किमतीच्या मोबदल्यात मालकीचे हस्तांतरण असे सांगितले आहे आणि लगेच पुढे, असे हस्तांतरण 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या मूर्त स्थावर मिळकतीचे असेल तर ते नोंदणीकृत दस्तानेच करता येते असे म्हटले आहे. इथल्या ‘असे’ मध्ये ‘किमतीच्या मोबदल्यात’ ही अट दडलेली आहे. तो काढला तर वाक्य सगळ्याच हस्तांतरणांविषयी बोलू लागेल.

भाडेपट्ट्यातले उदाहरण पाहा: “मालकाची लेखी संमती घेऊन भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येईल. अशा पोटभाडेकरूने केलेल्या नुकसानीस भाडेकरू जबाबदार राहील.” ‘अशा’ म्हणजे लेखी संमतीने ठेवलेला. संमती न घेता गुपचूप ठेवलेल्या पोटभाडेकरूने भिंत पाडली तर हे कलम शब्दशः त्याला लागूच होत नाही, आणि मालकाला दुसरीकडे आधार शोधावा लागतो. इथे ‘अशा’ काढून ‘कोणत्याही पोटभाडेकरूने’ लिहिले तर कलम रुंदावते. मालकाच्या वकिलाला ते हवेच असेल, भाडेकरूच्या वकिलाला नसेल. हा भाषेचा निर्णय नाही, सौद्याचा आहे. छाटणाऱ्याने तो परस्पर घेऊ नये.

याउलट “30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. अशी नोटीस मिळाल्यावर…” यात ‘अशी’ फक्त त्याच नोटिशीकडे बोट दाखवते. बोलीत ‘अशी’चा अर्थ ‘या प्रकारची’ होतो, त्यामुळे उलट संदर्भ सैल होतो. ‘ती नोटीस’ हे इथे अधिक नेमके. “जर कोणत्याही व्यक्तीने अर्ज केला तर अशा व्यक्तीस” ही भाषांतरी घडण तर ‘जी व्यक्ती अर्ज करील तिला’ या आपल्या घडणीत सहज बसते. ‘जो-तो’ ची जोडी मराठीत अटच सोबत बांधून आणते, ‘असा’ची गरजच ठेवत नाही.

‘सदर’ला कायद्यात स्वतःचे बळ नाही हे एका जुन्या दाखल्यावरून दिसते. 2024 मध्ये रद्द झालेल्या भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 96 खाली उदाहरण होते: ‘अ’ने ‘माझा पांढरा घोडा’ 1,000 रुपयांना विकण्याचा करार केला, आणि त्याच्याकडे पांढरे घोडे दोन आहेत. मग कोणता घोडा अभिप्रेत होता याचा पुरावा देता येतो. त्या करारात ‘सदर पांढरा घोडा’ असे दहा वेळा लिहिले असते तरी घोडे दोनच राहिले असते. नोंदणी अधिनियम, 1908 चे कलम 21 देखील स्थावर मिळकतीचे वर्णन ती ओळखू येण्यास पुरेसे असावे असे मागते. ओळख गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमेतून पटते.

नोंदणी झालेल्या दस्ताला छाटणी लागू नाही. त्यात चूक सापडली तर पक्षकारांनी चूकदुरुस्तीपत्र करून ते नोंदवावे लागते. नव्या दस्तात जुन्या खरेदीखताचा मजकूर किंवा न्यायालयाचा आदेश अवतरणात घेतला असेल, तर त्यातले ‘सदरहू’ जसेच्या तसे ठेवावेत. मात्र अवतरण संपल्यावर त्या जुन्या कागदातली ‘सदरहू मिळकत’ म्हणजे आपल्या दस्तातले कोणते क्षेत्र, हे एका ओळीत लिहून द्यावे.